‘सेड’ दिसलं की काळ मागे

इंग्रजीच्या वर्कशीटमध्ये ‘रिपोर्टेड स्पीच’ आलं की मराठी कान दगा देतो. आपण सहज म्हणतो, ‘मीना म्हणाली, की मी आज येणार नाही.’ मीनाचा ‘मी’ आणि तिचा काळ जसाच्या तसा. इंग्रजीत हे चालत नाही. म्हणून आधी अवतरणाबाहेरचं क्रियापद बघावं. ‘सेज’ असेल तर काळ तसाच राहतो. ‘सेड’ असेल तर आतला काळ एक पायरी मागे जातो.

मीना सेड, ‘आय विल नॉट कम टुडे.’ याचं होतं: मीना सेड दॅट शी वुड नॉट कम दॅट डे. सर्वनाम आणि काळ मुलं बरोबर बदलतात, ‘टुडे’ मात्र हमखास तसंच राहतं. अपवाद एकच: सूर्य पूर्वेला उगवतो, अशी कायमची सत्यं ‘सेड’ असलं तरी वर्तमानकाळातच ठेवावीत.