उकाड्यात डाय: वेळ कमी करायचा की हात भरभर चालवायचा?

मुंबई-कोकणात मे महिन्यात कुणी डाय लावायला बसलं की घरातून एक सल्ला हमखास येतो: ‘एवढं उकडतंय. रंग लगेच चढेल. पंधरा मिनिटांत धुऊन टाक.’ यातली पहिली दोन वाक्यं बरीचशी खरी आहेत. घोळ तिसऱ्या वाक्यात आहे. दहा-बारा दिवसांनी कानशिलावरचे केस तांबूस दिसू लागतात, तेव्हा दोष कंपनीच्या माथी मारला जातो.

क्रीमचा कायमस्वरूपी डाय हा काही केसांवर फासायचा काळा रंग नव्हे. त्यातला अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेला दुसरा अल्कली केस फुगवतो आणि वरचे खवले उघडतो. मग रंगाचे छोटे, जवळजवळ बिनरंगी रेणू आत शिरतात. डेव्हलपरमधल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे ते आत एकमेकांना जोडले जातात, मोठे होतात, रंग धरतात आणि आकार वाढल्यामुळे बाहेर पडू शकत नाहीत. अर्ध्यात धुतलं तर ही जोडणी अपुरी राहते आणि पुढच्या दोन-चार धुण्यांत रंग निसटतो. पंधराव्या मिनिटाला केस काळेकुळकुळीत दिसतात खरे, पण तो काळेपणा बराचसा वरच्या ओल्या लेपाचा असतो.

उष्णतेने रासायनिक क्रिया वेगाने होते, हे शाळेत शिकलेलं खरंच आहे. प्रश्न इतकाच, की वेग नेमका कुठे वाढतो? डोक्याची त्वचा थंडीत असो वा उन्हाळ्यात, साधारण ३४ अंशांच्या आसपास असते. म्हणजे मुळांशी उष्णता बाराही महिने मिळते आणि तिथलं गणित ऋतूमुळे फारसं हलत नाही. हलतं ते लांबीवरच्या केसांचं. नाशिकला जानेवारीत सकाळी खोली गार असते, तेव्हा मुळं पुढे पळतात आणि टोकं मागे रेंगाळतात. मुंबईत मे महिन्यात दुपारची खोलीही ३३-३४ अंशांवर जाते आणि हा फरक जवळजवळ मिटतो. म्हणून उकाड्यात कात्री लावायची असेल तर ती टोकांना द्यायच्या वेळेला लावावी. पांढऱ्या मुळांचा वेळ पाकिटावर लिहिलेल्या किमान मिनिटांखाली उतरवू नये.

दुसरी गल्लत दमटपणाची. ‘हवा दमट, म्हणजे रंग आणखी जलद’ असं सर्रास मानलं जातं. हवेतल्या ओलाव्याने रंगाची क्रिया वेगवान होत नाही. ओलावा फक्त लेप सुकू देत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पंख्याखाली बसलं की लेपाची पापडी होते, आणि सुकलेल्या लेपात काम थांबतं. तिथे डोक्यावर सैलसर प्लास्टिकची टोपी घालण्यात अर्थ आहे. रत्नागिरीत तीच टोपी घातली तर आत घाम साचतो, लेप पातळ होऊन मानेवर ओघळतो आणि हेअरलाइनजवळचा रंग फिका राहतो. टोपी सगळीकडे चांगली हा समज त्यामुळे किनारपट्टीवर तरी सोडून द्यावा.

तिसरी गोष्ट सगळ्यात दुर्लक्षित, वाटीतल्या मिश्रणाची. क्रीम आणि डेव्हलपर एकत्र झाल्या क्षणी वाटीतही क्रिया सुरू होते. गार खोलीत ती आरामात चालते, उकाड्यात धावते. पांढरट लेप वाटीतच गडद होऊ लागला की त्याचा कस उतरायला लागला असं समजावं. लावता लावता पाऊण तास गेला, तर शेवटच्या बटांना मिळतो तो निम्मा संपलेला डाय. आतापर्यंतच्या सगळ्याचं सार हेच निघतं: उन्हाळ्यात आखडायचा तो लावण्याचा वेळ. मुळांवर ठेवण्याचा नव्हे.

डोंबिवलीतल्या एखाद्या फ्लॅटमधलं उदाहरण घेऊ. खांद्यापर्यंतचे केस, भांगात आणि कानशिलावर दोन सेंटिमीटर पांढरी मुळं, खालचे केस आधीच रंगवलेले, पाकिटावर ‘३० मिनिटं, एकास एक प्रमाण’. डोकं आदल्या दिवशी धुतलेलं असावं आणि तेल लावलेलं नसावं. त्याच दिवशी गरम पाण्याने नाहून लगेच बसलं तर घाम थांबत नाही, शिवाय त्वचेवरचं तिचं स्वतःचं संरक्षक तेलही गेलेलं असतं. सकाळी सहा-सातची वेळ धरावी. पंखा चालू ठेवावा, पण झोत डोक्यावर नको. कपाळाच्या कडेला, कानांवर व्हॅसलीन लावावं. ते केसांना लागलं तर तिथे रंग धरत नाही, म्हणून बोट केसांच्या अलीकडेच थांबवावं.

आता मिश्रण. एकदम सगळं न कालवता २० ग्रॅम क्रीम आणि २० ग्रॅम डेव्हलपर एवढंच घ्यावं, संपलं की पुन्हा तेवढंच. केसांचे चार भाग क्लिपांनी वेगळे करावेत. पहिलं मिश्रण कानशिलं आणि भांगासाठी, कारण तिथले पांढरे केस जाडे आणि हट्टी असतात, त्यांना सगळ्यात जास्त वेळ मिळायला हवा. दुसरं मिश्रण मागच्या मुळांना. हे सगळं वीस मिनिटांत आटपलं पाहिजे; एकटीने जमत नसेल तर मागची बाजू घरातल्या कुणाकडून तरी करून घ्यावी. घड्याळ लावायचं ते शेवटची बट झाल्यावर.

पंचविसाव्या मिनिटाला कानशिलावरची एक बट ओल्या कापसाने पुसून खिडकीच्या उजेडात बघावी. पुसल्यावर मुळाशी करडी किंवा तांबूस झाक दिसली तर रंग अजून बसायचाय. तिथे थोडा ताजा लेप पुन्हा लावावा आणि पाकिटावरच्या कमाल मर्यादेपर्यंत थांबावं. झाक दिसली नाही तर उरलेला लेप थोडं पाणी लावून खाली ओढायचा आणि पाच मिनिटांत धुवायचं. आधी रंगवलेल्या टोकांना दर वेळी पूर्ण अर्धा तास दिला, तर टोकं दरखेपेस जास्त काळी आणि कोरडी होत जातात. उकाड्यात तर आणखी लवकर. अंतिम रंग मात्र केस पुरते वाळल्यावरच ठरवावा. दमट हवेत त्याला तासन्‌तास लागतात आणि ओले केस नेहमी गडदच दिसतात.

उरलेला कालवलेला डाय बाटलीत घालून ‘पुढच्या वेळी’साठी ठेवण्याची सवय मात्र धोक्याची आहे. पेरॉक्साइडमधून वायू सुटत राहतो, बंद बाटली फुगते, प्रसंगी फुटते, आणि उष्णतेत हे लवकर होतं. पावडर डायचं दुखणं वेगळं: उघडलेलं पाकीट पावसाळी हवेत ओलावा ओढतं, गुठळ्या होतात, भुकटी आधीच गडद पडते. अशी पावडर टाकून द्यावी.

‘काळी मेंदी’ नैसर्गिक असते म्हणून तिला हे नियम नाहीत, असंही पुष्कळजण धरून चालतात. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस-नारिंगी. बाजारातल्या काळ्या मेंदीत बहुधा पीपीडी हेच रसायन असतं, क्रीम डायमध्येही अनेकदा असणारं, आणि ॲलर्जीसाठी बदनाम. त्यामुळे कोपराच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून ४८ तास वाट बघण्याची चाचणी तिलाही लागू होते. उन्हाळ्यात एक अडचण येते: खाज आली की ती घामाची म्हणून सोडून दिली जाते. घामोळ्याची खाज अंगभर, घाम येईल तिथे असते. फक्त लेपाच्याच जागी लाली, पुरळ किंवा सूज आली तर तो डाय वापरू नये. आणि डोक्यातच घामोळं उठलं असेल, खाजवून त्वचा सोलवटली असेल, तर ती बरी होईपर्यंत डाय लावूच नये.