पायाला लावलेल्या क्रीमचं घड्याळ नक्की कधी सुरू होतं?

केस काढायच्या क्रीमच्या पाकिटावर “5 मिनिटांनी तपासा, 10 मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका” असं काहीतरी लिहिलेलं असतं. सूचना अगदी सरळ वाटते. पण ही 5 मिनिटं कधीपासून मोजायची? पायांच्या बाबतीत बरीच गडबड इथेच होते, आणि प्रयोगात शून्य वेळ ठरवताना होते तीही अशीच.

आधी क्रीम काय करतं ते पाहू. घटकांच्या यादीत पोटॅशियम किंवा कॅल्शियम थायोग्लायकोलेट शोधा. केसातल्या केराटिन या प्रथिनाचे धागे गंधकाच्या दुव्यांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, एकमेकांना बांधलेले असतात. थायोग्लायकोलेट हे बंध तोडतं आणि केस मऊ लगद्यासारखा होतो. याच यादीत कॅल्शियम, सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइडही दिसेल. ही आम्लारी क्रीमचा पीएच साधारण 12 च्या आसपास नेते. त्याने केस फुगतो आणि थायोग्लायकोलेट नीट काम करू शकतं.

आता अडचण अशी, की त्वचेचा सगळ्यात वरचा थरही केराटिनचाच असतो. त्यात हे बंध केसापेक्षा बरेच कमी, म्हणून केस आधी विरघळतो. पण क्रीमला केस कुठला आणि कातडी कुठली हे कळत नाही. दोघांमध्ये फरक आहे तो फक्त वेळेचा. ती वेळ उलटली की त्वचेची पाळी येते, आणि त्यालाच आपण ‘क्रीमने भाजलं’ म्हणतो.

म्हणून लेबल वाचताना सुगंध आणि कोरफडीच्या चित्राच्या आधी तीन गोष्टी बघा. क्रीम पायांसाठी आहे ना, तपासायची वेळ किती आणि कमाल वेळ किती. घटक सहसा प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, टक्केवारी मात्र बहुधा नसते. त्यामुळे यादी वाचून दोन क्रीमची तीव्रता ताडता येत नाही. ‘संवेदनशील त्वचेसाठी’ लिहिलेल्या ट्यूबमध्येही बहुतेक वेळा हेच रसायन असतं. पहिल्यांदाच वापरणार असाल तर तपासायची वेळ आणि कमाल वेळ यांत जास्त अंतर असलेलं क्रीम घ्या. 3 आणि 6 मिनिटांपेक्षा 5 आणि 10 मिनिटांमध्ये हाताला जास्त सवड मिळते.

आता एक उदाहरण. समजा, सायलीने 8:00 वाजता उजव्या घोट्यापासून सुरुवात केली. दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत क्रीम लावायला तिला 4 मिनिटं लागली. 8:04 ला तिने मोबाइलवर 8 मिनिटांचा टायमर लावला. 8:12 ला ती डाव्या पायापासून क्रीम काढायला लागली आणि उजव्या घोट्याची पाळी आली 8:15 ला. तिच्या हिशोबाने 11 मिनिटं झाली. घोट्याच्या हिशोबाने 15, म्हणजे कमाल मर्यादेच्या दीडपट.

उपाय सोपा आहे. एका वेळी एकच पाय घ्या. क्रीमचा पहिला ठिपका त्वचेला लागला की टायमर सुरू करा. जाडसर, सारखा थर द्या, पण चोळू नका. 5 मिनिटांनी, जिथे सर्वात आधी लावलं तिथला छोटा भाग पुसून बघा. केस सहज निघाले तर ज्या क्रमाने लावलं त्याच क्रमाने काढत जा, म्हणजे प्रत्येक भागाला साधारण सारखाच वेळ मिळतो. नसतील निघत तर थोडं थांबा, पण शेवटचा भागसुद्धा कमाल वेळेच्या आत निघायला हवा. मग भरपूर पाण्याने धुवा. तरीही काही केस राहिले तर राहू द्या. त्याच जागी लगेच दुसरा थर नको, पुन्हा वापरण्याआधी अनेक लेबलांवर 72 तासांचं अंतर सांगितलेलं असतं.

हे सगळं गणित शाबूत त्वचेसाठी आहे. नुकतंच रेझर फिरवलेला, भेगाळलेला किंवा खाजवून सोललेला पाय असेल तर वरचा थर आधीच फाटलेला असतो, तिथे लेबलवरच्या मिनिटांना अर्थ नाही. म्हणून आदल्या दिवशी पायाच्या छोट्या भागावर लेबलप्रमाणे चाचणी घ्या आणि 24 तास वाट बघा. मागच्या वेळी काही झालं नसलं तरी.

आणि आग व्हायला लागली तर टायमरकडे बघूच नका. क्रीम लगेच काढा आणि साध्या गार वाहत्या पाण्याखाली पाय साधारण 20 मिनिटं धरा. आम्लारी आहे म्हणून लिंबू किंवा व्हिनेगर लावायचा मोह होईल. तो टाळा, दुखावलेल्या त्वचेवर आम्ल म्हणजे आणखी एक इजा. फोड आले, कातडी सोलली किंवा दुखणं थांबेना तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. जाताना ट्यूब बरोबर न्या, घटकांची यादी तिच्यावरच आहे.