अडतीस म्हणजे नेमके किती?

न्यू जर्सीतून कुर्ते आणि तयार ब्लाउज विकणारे एखादे लहान ऑनलाइन दुकान डोळ्यांसमोर आणावे. कुर्ते जयपूरहून शिवून येतात, ब्लाउज पुण्याहून. विक्री बरी आहे, पण परत येणाऱ्या पाकिटांचा ढीगही मोठा आहे. मालक परतीची कारणे वाचू लागतात तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसते. एकाच ३८ मापाच्या कुर्त्याबद्दल काही ग्राहक ‘फार सैल’ म्हणतात, काही ‘अगदी नीट बसला’ म्हणतात. आणि ज्यांना कुर्ता नीट बसला त्यांनाच ३८चा ब्लाउज घट्ट होतो.

या विसंगतीतच निदान दडलेले असते. एखाद्या मापाच्या सगळ्या तक्रारी एकाच दिशेच्या असतील, म्हणजे सगळ्यांना घट्ट किंवा सगळ्यांना सैल होत असेल, तर बेतणी तरी चुकली आहे किंवा तक्त्यातील आकडे तरी सरकले आहेत. तक्रारी दोन्ही दिशांनी येत असतील, तर ग्राहक तोच आकडा दोन अर्थांनी वाचत आहेत असे प्रथम समजावे. अशा वेळी शिंप्याला दोष देण्याआधी मापतक्ता उघडावा.

या दुकानाच्या तक्त्यावर ‘छाती : ३८’ एवढेच लिहिलेले आहे. हा आकडा अंगाचा की कपड्याचा, याचा उल्लेख नाही. उत्तर शोधण्याचा मार्ग सोपा आहे. कुर्ता मेजावर सपाट पसरावा, एका काखेखालच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेखालच्या शिवणीपर्यंत टेप धरावी आणि आलेला आकडा दुप्पट करावा. समजा, कुर्ता साडेवीस इंच भरला. म्हणजे त्याचा घेर ४१. जयपूरच्या कारागिराने ३८ हे अंगाचे माप धरून हालचालीसाठी तीन इंच मोकळीक ठेवली आहे. ब्लाउज मात्र १९ इंच भरला, म्हणजे त्याचा घेर बरोबर ३८. पुण्याच्या शिंप्याने ३८ हे तयार ब्लाउजचेच माप धरले आहे. दोघांचेही काम चोख आहे; एकच तक्ता दोन्ही कपड्यांखाली चिकटवणाऱ्या दुकानाची तेवढी चूक आहे. अंगाने ३८ असलेल्या स्त्रीला कुर्ता नीट बसेल, पण ब्लाउजचे हूक ताणले जातील. आणि जी स्त्री घरातला आवडता कुर्ता मोजून ४१ आकडा काढते, ती तक्त्यात ४२ निवडेल आणि सैल कुर्ता परत पाठवेल.

त्यामुळे दुरुस्तीची पहिली पायरी अशी की प्रत्येक प्रकारच्या कपड्याला स्वतंत्र तक्ता द्यावा आणि त्यात दोन रकाने ठेवावेत: ‘तुमच्या अंगाचे माप’ आणि ‘तयार कपड्याचे माप’. कुर्त्याच्या ओळीत ३८ आणि ४१ येईल. ब्लाउजच्या ओळीत ‘३६ ते ३७’ आणि ३८. सेंटिमीटर द्यायचे तर तेही दोन्ही रकान्यांत द्यावेत. अमेरिकन ८ किंवा १० नंबरांशी जुळणी दाखवण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. स्त्रियांच्या तयार कपड्यांच्या मापांचे एक अधिकृत प्रमाण अमेरिकेत १९५८मध्ये काढले गेले होते, पण १९८३मध्ये ते मागे घेण्यात आले. तेव्हापासून प्रत्येक ब्रँडचा आठ नंबर वेगळा आहे, आणि दुसऱ्याच्या अनिश्चित आकड्याला आपला आकडा बांधून काहीच साधत नाही.

ब्लाउजच्या तक्त्यात आणखी एक रकाना बहुधा गाळलेला असतो: बाहीचा घेर. छाती बरोबर बसूनही दंडाला घट्ट झाल्यामुळे ब्लाउज परत येऊ शकतो, आणि तो अंदाज छातीच्या मापावरून बांधता येत नाही. तसेच ‘शिवणीत माया आहे’ हे वाक्य अपुरे आहे. ‘दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवल्यास छातीघेर एकूण दोन इंच वाढतो, बाहीत माया नाही’ असे लिहिले, तर ग्राहक स्वतः निर्णय घेऊ शकते. दोन मापांच्या मधे असणाऱ्या स्त्रीला ब्लाउज मोठा घ्यायला सांगावे, कारण आत घेण्याला मर्यादा कमी असते, सोडण्याला मायेएवढीच.

आता निगेच्या सूचना. त्या तक्त्यापासून तोडून तळाशी ठेवण्याची प्रथा आहे, आणि तिथेच दुसरी गफलत होते, कारण सुती कपड्याचे माप पहिल्या धुलाईनंतर बदलते. भारतात दोरीवर वाळणारा कुर्ता अमेरिकेत सर्रास गरम ड्रायरमध्ये फिरतो. दुकानाने ज्या कापडाचे कुर्ते शिवले त्याच कापडावर पन्नास सेंटिमीटरचा चौकोन पक्क्या शाईने आखावा, ग्राहक धुतील तसे, ड्रायरसह, तीन वेळा धुवावे आणि पुन्हा मोजावे. समजा, उभ्या बाजूने ४८ आणि आडव्या बाजूने साडेअठ्ठेचाळीस सेंटिमीटर उरले, तर कापड लांबीत चार टक्के आणि रुंदीत तीन टक्के आटले. चव्वेचाळीस इंच लांबीचा कुर्ता सव्वाबेचाळीसवर येईल, आणि ४१चा घेर पावणेचाळीसवर. तीन इंचांच्या मोकळिकीतून सव्वा इंच गेला. पाकीट उघडताना नीट बसलेला कुर्ता महिन्याभरात अंगाला चिकटतो, तो असा.

जुन्या पानावर याबद्दल लिहिले होते: ‘हातमागाचे नाजूक सौंदर्य जपण्यासाठी काळजीपूर्वक धुवावे.’ वाक्य गोड आहे, पण यावरून कोणी काय करावे? त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘मशिनमध्ये थंड पाण्यात धुवा. ड्रायरमध्ये टाकू नका, सावलीत वाळवा. ड्रायर वापरल्यास लांबी सुमारे पावणेदोन इंच कमी होते. ड्रायर वापरणारच असाल तर एक माप मोठे घ्या.’ ही सूचना तक्त्याच्या लगेच खाली हवी, कारण तिच्यावर मापाची निवड अवलंबून आहे. गडद रंगांसाठी ओला पांढरा रुमाल कापडावर घासून पाहावा. त्यावर रंग उतरला तर ‘पहिल्या दोन धुलाया वेगळ्या करा, भिजत ठेवू नका’ हे स्पष्ट सांगावे. उतरला नाही तर ती ओळ उगाच लिहू नये.

सगळ्याच कपड्यांवर ‘फक्त ड्राय क्लीन’ लिहून मोकळे होण्याची सवय काही विक्रेत्यांना असते. जरीच्या रेशमाला ते योग्य असेल, सुती कुर्त्याला ती पळवाट ठरते. शिवाय अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमानुसार कपड्यावर निगेचे लेबल लावणे उत्पादकाला आणि आयातदाराला बंधनकारक आहे आणि त्यावरील सूचनेला वाजवी आधार लागतो. ‘फक्त’ हा शब्द वापरायचा तर धुतल्याने कपडा बिघडतो याचा पुरावा हाताशी हवा. भारतातून स्वतः माल मागवणारे दुकान इथे आयातदार ठरते. म्हणून संकेतस्थळावरील मजकूर आणि गळ्यामागचे लेबल यांत एकच सूचना असावी.

बदल केल्यावर एकूण परतीचा आकडा पाहून निष्कर्ष काढणे घाईचे होईल, कारण रंग न आवडल्याने परत येणारे कपडे किंवा मुद्दाम दोन मापे मागवून एक परत करणारे ग्राहक तक्त्याने बदलत नाहीत. परतीच्या अर्जात ‘माप जमले नाही’ या एका पर्यायाऐवजी ‘घट्ट’ आणि ‘सैल’, आणि पुढे ‘छाती, दंड, लांबी’ असे पर्याय ठेवावेत. मग ३८च्या कुर्त्याच्या तक्रारी दोन्ही दिशांनी कमी झाल्या का, ते दिसेल. फक्त ‘सैल’ कमी झाले आणि ‘घट्ट’ तसेच राहिले, तर टेप घेऊन पुन्हा मेजापाशी जावे. या वेळी बहुधा खरोखरच बेतणी चुकलेली असेल.