फॉर्म्युला शीटमध्ये ‘कधी वापरायचं’ हा रकाना का हवा?

स्टॅटिस्टिक्सच्या फॉर्म्युला शीटवर टी-टेस्टची दोन सूत्रं शेजारी-शेजारी असतात. कोणतं कधी लावायचं, हे मात्र बहुतेक शीटवर लिहिलेलं नसतं. त्यामुळे काय होतं ते एका उदाहरणातून पाहू.

समजा, पाच वेगवेगळे फोन सुरू व्हायला किती सेकंद लागतात हे अपडेटच्या आधी आणि नंतर मोजलं.

आधी: ५२, ४०, ६१, ४५, ५७
नंतर: ४९, ३८, ५७, ४३, ५३

सरासरी ५१ वरून ४८ वर आली. हा ३ सेकंदांचा फरक खरा की योगायोग? एक्सेलमध्ये आधीचे आकडे A2 ते A6 मध्ये आणि नंतरचे B2 ते B6 मध्ये भरा आणि दोन्ही सूत्रं लावून बघा:

```
=T.TEST(A2:A6,B2:B6,2,3)
=T.TEST(A2:A6,B2:B6,2,1)
```

पहिल्याचं उत्तर ०.५ पेक्षा जास्त, म्हणजे फरक सिद्ध होत नाही. दुसऱ्याचं सुमारे ०.००३, म्हणजे फरक ठळक आहे. आकडे तेच, बदलला फक्त शेवटचा अंक. ३ म्हणजे दोन स्वतंत्र गट, १ म्हणजे जोड्या.

इथे जोड्यांचं सूत्र बरोबर आहे, कारण तोच फोन दोनदा मोजलाय. काही फोन मुळातच हळू आहेत. स्वतंत्र गटांच्या सूत्रात फोना-फोनांमधला हा फरक गोंधळ वाढवतो आणि ३ सेकंद त्यात बुडून जातात. जोड्यांचं सूत्र फक्त प्रत्येक फोनमधला फरक बघतं: ३, २, ४, २, ४. सरासरी ३, प्रमाण विचलन १. म्हणून

```
t = 3 / (1/√5) ≈ 6.71
```

पाच जोड्यांसाठी ५ टक्के पातळीवरची मर्यादा २.७८ आहे. आपला t तिच्या बराच पुढे गेला.

आता शीटवर या सूत्राशेजारी एवढं लिहून ठेवा:

- कधी: तीच वस्तू किंवा व्यक्ती दोनदा मोजली असेल तर.
- गृहीतक १: जोड्या एकमेकींपासून स्वतंत्र हव्यात. एकच फोन पाच वेळा मोजला तर त्या पाच जोड्या होत नाहीत.
- गृहीतक २: जोड्या कमी असतील तर *फरक* साधारण नॉर्मल वितरणाचे हवेत. मूळ आकडे तसे नसले तरी चालतं.
- तपासणी: फरकांचा साधा डॉट प्लॉट काढा. एखादा ठिपका फार लांब आहे का?

शेवटची ओळ अनेकजण गाळतात. समजा, शेवटचा फोन ५३ ऐवजी ३३ सेकंदांत सुरू झाला. फरक झाले ३, २, ४, २, २४. सरासरी वाढून ७ झाली, पण प्रमाण विचलन ९.५ च्या वर गेलं आणि t उतरून १.६४ वर आला. सुधारणा जास्त दिसतेय, तरी टेस्ट म्हणते फरक सिद्ध होत नाही! अशा वेळी आधी ते मोजमाप पुन्हा तपासा. आकडा नको वाटतो म्हणून गुपचूप खोडू नका. तो बरोबर निघाला, तर पाच जोड्यांवर निकाल देऊ नका, आणखी फोन मोजा.