उशिरा येणाऱ्या कर्मचाऱ्याला नोटीस कशी लिहावी? धमकी आणि ताकीद यांतला फरक

वस्त्यांमध्ये काम करताना आमच्याकडे दोन प्रकारचे तरुण येतात. एक, ज्यांना उशिरा आल्याबद्दल मेमो मिळाला आहे आणि त्याला उत्तर काय द्यायचे हे कळत नाही. दुसरे, जे नुकतेच सुपरवायझर, केंद्रप्रमुख किंवा टीम लीडर झाले आहेत आणि ज्यांना पहिल्यांदाच असा मेमो लिहायचा आहे. आपल्या समाजातली पहिली किंवा दुसरी शिकलेली पिढी आता या दुसऱ्या बाजूलाही बसू लागली आहे. दोन्ही बाजूंना एकच गोष्ट माहीत असायला हवी: उशिराबद्दलची नोटीस कशी असते आणि कशी नसते.

एक उदाहरण घेऊ. ओळख लपवण्यासाठी तपशील बदलले आहेत. रक्ततपासणीचे नमुने घेणारे एक छोटे केंद्र आहे. ड्युटी सकाळी ७.३० ला सुरू होते, १० मिनिटांची सवलत आहे. लोक उपाशीपोटी येतात, आणि ९.३० ला नमुने मुख्य लॅबमध्ये नेणारा मुलगा येतो. नमुने घेणारी तंत्रज्ञ ताई वारंवार उशिरा येते. कंटाळलेल्या सुपरवायझरने केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेला मेसेज असा होता:

“मॅडम, रोजचं झालंय तुमचं. पेशंट ताटकळतात, तुम्हाला काही लाज? नोकरीची गरज नसेल तर सांगा, दहा जणी रांगेत आहेत. ही शेवटची वॉर्निंग. उद्यापासून उशीर झाला की अर्धा दिवस कट.”

त्याचा राग खोटा नव्हता. उपाशी आलेला मधुमेही रुग्ण अर्धा तास बाकावर बसतो, तेव्हा शिव्या सुपरवायझरलाच खाव्या लागतात. पण या मेसेजमध्ये तपासता येईल असे एकही वाक्य नाही. ‘रोजचं’ म्हणजे किती दिवस? ‘शेवटची’ वॉर्निंग, तर पहिली कधी दिली? आणि अर्धा दिवस कापण्याचा अधिकार कुठून आला?

आधी मस्टर उघडा

नोटीस लिहिण्याचे काम पेन उचलण्याआधी सुरू होते. हजेरी मस्टर किंवा बायोमेट्रिकची नोंद काढायची आणि तारीख, वेळ, किती मिनिटे उशीर, कळवले होते की नाही, अशा चार रकान्यांत मांडायची. या केंद्रात जूनच्या पहिल्या १९ दिवसांची नोंद अशी निघाली:

३ जून – ७.५२ – २२ मिनिटे – कळवले नाही
६ जून – ७.४८ – १८ मिनिटे – कळवले नाही
११ जून – ८.०५ – ३५ मिनिटे – कळवले नाही
१३ जून – ७.४४ – १४ मिनिटे – ७.०५ ला फोन, लोकल खोळंबली
१७ जून – ७.५८ – २८ मिनिटे – कळवले नाही
१९ जून – ८.१० – ४० मिनिटे – कळवले नाही

म्हणजे ‘रोज’ नाही, सहा वेळा. त्यातल्या एका वेळी तिने वेळेत कळवले होते. यानंतर ड्युटी चार्ट शेजारी ठेवला, तेव्हा चित्र आणखी बदलले. ११, १७ आणि १९ जून या तिन्ही तारखांच्या आदल्या रात्री याच ताईला केंद्र बंद करण्याची ड्युटी होती आणि ती ९.३० नंतर निघाली होती. सर्वांत मोठे तीन उशीर हेच आहेत. त्यामागचा ड्युटी चार्ट सुपरवायझरनेच लावलेला होता.

म्हणून तारखा मांडल्याशिवाय नोटीस लिहू नये, असे आम्ही सांगतो. याने कर्मचाऱ्यावरची जबाबदारी संपत नाही; न कळवता झालेले पाच उशीर तिच्या नावावर आहेतच. पण दोष किती आणि व्यवस्थेचा वाटा किती, हे आता वेगळे दिसते. शिवाय तेच मस्टर बाकीच्या कर्मचाऱ्यांसाठीही पाहावे. दुसरा कोणी तितकाच उशिरा येत असेल आणि त्याला काहीच विचारले नसेल, तर ही नोटीस न्याय्य ठरत नाही. उशिराच्या निमित्ताने कोणाला लक्ष्य केले जात आहे का, हे कळण्याची सर्वांत सोपी खूण हीच आहे.

कागदाआधी बोलणे

पुढची पायरी समोरासमोर बोलण्याची. दार बंद करून, दहा-पंधरा मिनिटे, तारखांची यादी समोर ठेवून. प्रश्न सरळ असावा: “ताई, या सहा दिवशी उशीर झाला आहे. काय अडचण येते?” बोलणे झाल्यावर त्याच दिवशी तीन-चार ओळींची नोंद लिहून ठेवावी: कधी बोललो, तिने काय सांगितले, काय ठरले. ही नोंद नसेल तर पुढे ‘तोंडी समज दिली होती’ या वाक्याला आधार राहत नाही.

या बोलण्यात ताईने सांगितले की रात्रीच्या ड्युटीनंतर घरी पोहोचायला ११ वाजतात. ३ आणि ६ जूनला मुलाला शाळेत सोडायचे होते.

नोटीस अशी दिसते

मग कागद. तो व्यक्तीच्या नावाने, हातात द्यायचा, ग्रुपवर नाही. चार लोकांसमोर दिलेली ताकीद ही शिक्षाच असते, आणि तीही खुलासा ऐकण्याआधीची. वरच्या मेसेजच्या जागी हे पत्र गेले:

“विषय: कामावर उशिरा उपस्थितीबाबत लेखी समज.
केंद्राची ड्युटी सकाळी ७.३० ला सुरू होते. हजेरी नोंदीनुसार ३, ६, ११, १३, १७ आणि १९ जून रोजी आपण १४ ते ४० मिनिटे उशिरा आलात (तपशील सोबत). १३ जून रोजी आपण आधी कळवले होते; तो दिवस या समजेत धरलेला नाही. ११, १७ व १९ जूनच्या आदल्या रात्री आपली बंद करण्याची ड्युटी होती, याची नोंद घेतली आहे.
उशिरामुळे उपाशीपोटी आलेल्या रुग्णांना थांबावे लागते आणि ९.३० पर्यंत नमुने तयार ठेवणे अवघड होते.
१९ जून रोजी आपल्याशी झालेल्या चर्चेनुसार यापुढे रात्रीच्या ड्युटीनंतर दुसऱ्या दिवशी आपल्याला सकाळची पहिली ड्युटी दिली जाणार नाही. आपण ७.३० ला उपस्थित राहावे. अपरिहार्य कारणाने उशीर होणार असेल तर ७.०० पर्यंत फोन करावा.
याबाबत आपले म्हणणे २५ जूनपर्यंत लेखी द्यावे. २१ जुलै रोजी एकत्र आढावा घेऊ. तोपर्यंत विनाकारण, न कळवता पुन्हा उशीर झाल्यास संस्थेच्या नियमांनुसार पुढील लेखी कारवाईचा विचार केला जाईल.”

जुन्या मेसेजमधले काय गेले ते पाहा. ‘लाज’ गेली, कारण ती माणसाबद्दल आहे, वेळेबद्दल नाही. ‘दहा जणी रांगेत’ गेले, कारण ती धमकी आहे. ‘रोज’च्या जागी तारखा आल्या. पण रुग्णांची गैरसोय राहिली, कारण नोटीस का दिली याचे खरे कारण तेच आहे. पत्र मऊ झाले असे कोणाला वाटेल. प्रत्यक्षात ते जास्त कडक आहे, कारण त्यातले कोणतेही वाक्य नाकारता येत नाही.

असे मेसेज तपासताना एका शब्दप्रयोगाकडे आम्ही खास लक्ष देतो: ‘तुम्ही लोक’. “तुम्ही लोक असेच”, “सवलतीवर आलेले” अशी वाक्ये उशिराबद्दल नसतातच. लिहिणाऱ्याने ती लिहू नयेत. ज्याला मिळाली त्याने स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि त्याची तक्रार उशिराच्या खुलाशात न मिसळता स्वतंत्र अर्जात करावी. एकत्र केले की दोन्ही मुद्दे कमजोर होतात.

अर्धा दिवस कट?

बहुतेक वाद इथे होतात. वेतन प्रदान कायदा, १९३६ मध्ये असलेले आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही कायम राहिलेले तत्त्व असे: गैरहजेरीबद्दलची कपात गैरहजर राहिलेल्या वेळेच्या प्रमाणातच असावी. समजा पगार १५,६०० रुपये आणि कामाचे दिवस २६. दिवसाचे ६०० रुपये झाले. आठ तासांची ड्युटी धरली तर तासाचे ७५. ३ जूनच्या २२ मिनिटांचे होतात साडेसत्तावीस रुपये. अर्धा दिवस म्हणजे ३००. मधल्या फरकाला ‘गैरहजेरीची कपात’ म्हणता येत नाही. तो दंड होतो. दंडाचे नियम वेगळे आहेत: कोणत्या कृत्यांना दंड हे आधी जाहीर केलेले हवे, कर्मचाऱ्याला म्हणणे मांडण्याची संधी हवी, आणि रक्कम त्या काळाच्या वेतनाच्या ३ टक्क्यांवर जाता कामा नये.

पोच आणि खुलासा

नोटीस दोन प्रतींत काढावी. कर्मचाऱ्याची सही ‘मिळाले’ या शब्दाखाली घ्यावी, ‘मान्य आहे’ याखाली नाही. सही करणाऱ्यानेही हे पाहून घ्यावे. ‘प्रत मिळाली, खुलासा वेगळा देत आहे’ असे स्वतःच्या हाताने लिहून तारीख टाकायला हरकत नाही. कोणी प्रत घ्यायलाच नकार दिला तर दोन साक्षीदारांसमोर तशी नोंद करून पत्र पोस्टाने पाठवावे. सहीसाठी जबरदस्ती करू नये.

खुलासा तारखेवार द्यावा. ‘यापुढे असे होणार नाही, माफी असावी’ एवढेच लिहिले तर सहाही उशीर विनाकारण होते, असा अर्थ फाईलमध्ये राहतो. या ताईने लिहिले: तीन दिवशी आदल्या रात्रीची ड्युटी, एक दिवस कळवलेला, दोन दिवस घरगुती कारण, ते कळवायला हवे होते. पाच ओळींत काम झाले.

ही सगळी कागदपत्रे कशासाठी, तर पुढच्या पायरीसाठी. औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा १९४६ साली झाला, तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. हा कायदा २०२५ पर्यंत लागू होता; त्याखालच्या केंद्रीय आदर्श स्थायी आदेशांत ‘सवयीने उशिरा येणे’ हे गैरवर्तन म्हणून नोंदलेले होते, पण ‘सवय’ म्हणजे किती वेळा हा आकडा तिथे नव्हता. त्याच आदेशांत असेही होते की शिक्षा ठरवताना गैरवर्तनाचे गांभीर्य, पूर्वीची नोंद आणि दोष कमी किंवा जास्त करणारी परिस्थिती विचारात घ्यावी. ‘सवय’ दाखवायची तर तारखा लागतात, पूर्वीची नोंद दाखवायची तर आधीची समज लागते, आणि परिस्थिती कळायची तर खुलासा लागतो. छोट्या संस्थेला स्थायी आदेश लागू नसले, तरी तिच्या नेमणूकपत्रातल्या अटी वाचून हाच क्रम पाळता येतो.

शेवटची खबरदारी आढाव्याची. २१ जुलैला बसायचे ठरले असेल तर बसावेच. उशीर थांबला असेल तर ‘सुधारणा झाली, विषय बंद’ असे एक वाक्य त्याच फाईलमध्ये तारखेसह लिहावे. हे वाक्य लिहायचे बहुतेक जण विसरतात, आणि वर्षभराने पगारवाढीच्या वेळी तीच जुनी नोटीस पुन्हा बाहेर निघते. म्हणून ज्याला नोटीस मिळाली आहे त्याने आढाव्याच्या दिवशी स्वतःहून आठवण करावी, आणि त्या वाक्याची प्रत मागून घ्यावी.