निळा कागद, लाल शाई आणि चुकलेली बस

धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी आमच्या वस्तीतून नागपूरला दीक्षाभूमीवर बस जायची होती. मंडळाने ५०० पत्रके छापली. आपला रंग निळा, म्हणून कागद गडद निळा घेतला आणि मजकूर उठून दिसावा म्हणून शाई लाल. बस पहाटे ४ वाजता सुटली. प्रौढ वर्गात अक्षरे गिरवून वाचायला शिकलेल्या एक आजी शिदोरी बांधून ५ वाजता चौकात आल्या. "बाळांनो, मला तो आकडा पाचच दिसला रे," एवढेच त्या म्हणाल्या. आम्हा सर्वांच्या माना खाली गेल्या.

चूक आजींच्या डोळ्यांची नव्हती, आमच्या निवडीची होती. लाल आणि निळा हे रंग वेगळे खरे, पण दोन्ही सारखेच गडद. अक्षर वाचता येते ते रंग वेगळा आहे म्हणून नव्हे, तर एक फिकट आणि दुसरा गडद आहे म्हणून. शिवाय ऑफसेट छपाईची शाई पातळ, पारदर्शक असते. खालच्या कागदाचा रंग तिच्यातून वर येतो. त्यामुळे निळ्या कागदावर लाल शाई काळपट जांभळी झाली, आणि पिवळी घेतली असती तर हिरवट झाली असती.

मग निळा रंग सोडायचा का? मुळीच नाही. पुढच्या वेळी आम्ही पांढरा कागद घेतला आणि शाई गडद निळी. वर निळा पट्टा टाकून त्यात मथळ्याची अक्षरे कोरी ठेवली, म्हणजे कागदाचाच पांढरा रंग अक्षर झाला. छापखान्यात याला 'रिव्हर्स' म्हणतात. शाई एकच, म्हणून खर्च एकाच रंगाचा. मात्र ही युक्ती मोठ्या, जाड अक्षरांपुरतीच वापरावी. बारीक अक्षरांत चारही बाजूंची शाई पसरते आणि अनुस्वार, वेलांट्या बुजून जातात. म्हणून वेळ, ठिकाण, वर्गणी हा मजकूर पट्ट्याबाहेर, पांढऱ्यावर सरळ निळ्या शाईत घेतला. रंगीत कागदच हवा असेल तर अगदी फिकट निळा घ्यावा आणि शाई काळी.

सगळी पत्रके छापण्याआधी, ज्या कागदावर छापायचे त्याच कागदावर एक प्रत काढून मागावी. मोबाईलवर तिचा फोटो घेऊन तो कृष्णधवल करून पाहावा. अक्षरे आणि कागद दोन्ही सारखेच करडे दिसले तर रंग बदलावा. नंतर तीच प्रत संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली वयस्क माणसाच्या हाती देऊन वेळ व ठिकाण मोठ्याने वाचायला सांगावे.

आमच्या दुसऱ्या पत्रकाची प्रत आधी त्याच आजींकडे नेली. त्यांनी चष्मा न लावता वेळ वाचली, तेव्हाच आम्ही छापखान्याला होकार दिला.