नकाशातला शब्द आणि त्याचा पत्ता

एका गावाच्या नळपाणी योजनेचे नकाशे मराठीत करून द्यायचे होते. पंपघराचा जुना कागद स्कॅन केलेला होता, आणि विहिरीपासून उंच टाकीपर्यंत जाणाऱ्या जलवाहिनीचा एल-सेक्शन ऑटोकॅडमध्ये काढलेला. हे नकाशे रोज हाताळणार होता गावचा व्हॉल्व्हमन, म्हणून ते मराठीत हवे होते. या कामात अनुवाद निम्मासुद्धा नसतो. शब्द नकाशातून काढायचे, मराठी करायचे आणि परत त्याच जागी बसवायचे, यात खरा वेळ पहिल्या आणि तिसऱ्या पायरीत जातो.

कॅडच्या नकाशात मजकूर एकाच ठिकाणी राहत नाही. काही शब्द सुटे लिहिलेले असतात, काही परिच्छेदासारख्या चौकटीत. काही ब्लॉकमध्ये असतात, म्हणजे एकदा काढून अनेक ठिकाणी ठेवलेल्या चित्रात. कोपऱ्यातल्या नावपट्टीतले रकाने आणखी वेगळे. शिवाय मापांच्या रेषांवरचे आकडे. एखादा लेअर गोठवून ठेवलेला असला, तर त्यावरचा मजकूर पडद्यावर दिसतही नाही आणि छापताना कोणीतरी तो लेअर सुरू केला की इंग्रजी उगवतं. म्हणून पडद्यावर बघून शब्द टिपून घेणं मी कधीच सोडून दिलं. फाइल DXF स्वरूपात जतन केली की ती साध्या नोटपॅडमध्येही उघडते. मधल्या काही ओळी गाळल्या, तर एक शब्द तिथे असा दिसतो:

```
0
TEXT
5
2E5
8
PIPE-TEXT
10
3810.0
20
798.0
1
SV
```

प्रत्येक जोडीतला पहिला आकडा सांगतो की पुढे काय येणार आहे. 8 नंतर लेअरचं नाव, 10 आणि 20 नंतर आडवी-उभी जागा, 1 नंतर प्रत्यक्ष मजकूर. आणि 5 नंतर येतो त्या वस्तूचा हँडल, म्हणजे त्या फाइलपुरता तिचा एकमेव ओळखक्रमांक. इथे तो 2E5 आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिहून प्रत्येक मजकुराचा हँडल, लेअर, जागा आणि शब्द एक्सेलच्या एकेका ओळीत आणायचे, शेजारच्या रकान्यात मराठी लिहायचं आणि हँडलच्या आधाराने तो मजकूर परत फाइलमध्ये घालायचा.

पत्ता इतका जपायचा कशासाठी, ते याच नकाशाने शिकवलं. एल-सेक्शनवर ‘एसव्ही’ ही खूण बऱ्याच ठिकाणी होती. सारखे शब्द एकदाच लिहून सगळीकडे तोच अनुवाद टाकायचा मोह होतो, कारण काम झपाट्याने उरकतं. पण पंपघराबाहेर पडल्या पडल्या असलेला ‘एसव्ही’ म्हणजे स्लूस व्हॉल्व्ह, प्रवाह चालू-बंद करण्यासाठीचा. पुढे जलवाहिनी ओढ्याच्या तळाशी उतरते, तिथला ‘एसव्ही’ म्हणजे स्कावर व्हॉल्व्ह. सखल जागी गाळ साठतो, तो उघडून बाहेर सोडण्यासाठी हा बसवतात. अक्षरं तीच, काम निराळं. दोन्हींतला फरक फक्त जागेवरून कळतो: वाहिनीची रेषा तिथे खाली वळून पुन्हा वर चढते. एक ‘एसव्ही’ चुकीचा वाचला गेला, तर व्हॉल्व्हमन पाणी बंद करायला जाईल आणि ओढ्यात सोडून येईल.

आणि नेमका हाच 2E5 पहिल्या खेपेला हरवला. यादी एक्सेलमध्ये उघडली, तेव्हा एक्सेलने 2E5 हा गणितातला आकडा समजून त्याचे 200000 केले. त्या हँडलची वस्तू फाइलमध्ये नव्हतीच, त्यामुळे मराठी शब्दाला घर मिळालं नाही आणि तिथे इंग्रजी तसंच राहिलं. काढलेले आणि परत बसलेले मजकूर मोजले, तेव्हा काहींची तूट दिसली. ते सगळे हँडल आकडे, मध्ये ई आणि पुन्हा आकडे अशा घडणीचे होते. तेव्हापासून तो रकाना यादी आणतानाच ‘मजकूर’ म्हणून ठरवतो, आणि मोजणी जुळल्याशिवाय पुढे जात नाही.

पंपघराच्या कागदाला असे हँडल नव्हते. तिथे सगळा नकाशा म्हणजे ठिपक्यांचं एक चित्र. आलेला स्कॅन १५० डीपीआयचा होता. अडीच मिलिमीटर उंचीचं अक्षर त्यात जेमतेम १५ ठिपक्यांचं होतं आणि त्यावर वाचणारा प्रोग्राम अडखळतो. तोच कागद ३०० डीपीआयने पुन्हा स्कॅन करून मागवला, तेव्हा तेच अक्षर ३० ठिपक्यांचं झालं. मग टेसरॅक्टला सांगितलं की हा परिच्छेद नाही, विखुरलेले शब्द शोध:

```
tesseract pump.png pump -l eng --psm 11 tsv
```

यातून प्रत्येक शब्दाबरोबर त्याची डावीकडून आणि वरून जागा, रुंदी, उंची आणि वाचनाची खात्री किती, हे मिळतं. हँडल नाही म्हणून इथे ही जागाच शब्दाचा पत्ता. चित्रात उंची वरून मोजतात आणि कॅडमध्ये खालून, एवढं उलटं करून घ्यावं लागतं. नाहीतर तळातली टीप शीर्षकाच्या जागी जाते. उभे लिहिलेले शब्द वाचायला चित्र नव्वद अंशात फिरवून पुन्हा तीच आज्ञा द्यायची.

शब्दांपेक्षा मला भीती आकड्यांची वाटते. ‘पंप’ चुकीचा वाचला गेला तर लगेच कळतं, आकडा मात्र चुकूनही आकडाच दिसतो. एका भिंतीची तीन मापं प्रोग्रामने १२००, ३०० आणि १२०० अशी दिली आणि एकूण लांबी ३३००. बेरीज होते २७००. मधल्या दाराच्या ९०० मधल्या नवावरून मापाची रेषा गेली होती, म्हणून नवाचा तीन झाला. नकाशात एकूण माप जवळजवळ नेहमी लिहिलेलं असतं, तेव्हा ही बेरीज प्रत्येक ओळीची करून बघतो.

मग मराठी बसवायचं. कॅडमधले जुने एसएचएक्स फाँट रेघांनी बनलेले असतात आणि त्यांत देवनागरी नसते. मराठी टाकलं की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. म्हणून टेक्स्ट स्टाइलला निर्मला यूआयसारखा युनिकोड ट्रूटाइप फाँट द्यायचा. इंग्रजी अक्षराची उंची ठरलेली असते, पण मराठीत रफार आणि वेलांटी वर जाते, उकार खाली उतरतो. अडीच मिलिमीटरच्या ओळी त्याच अंतरावर ठेवल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसतो. मी उंची साडेतीनवर नेतो आणि ओळींमधलं अंतर वाढवतो. शब्द लांबला तर तो जलवाहिनीच्या रेषेवरून बाजूला घेऊन बाणाने जोडतो.

मापांचे आकडे मात्र इंग्रजीच ठेवतो. नकाशावर लहान छापलेला मराठी एक इंग्रजी नवासारखा दिसतो, आणि मराठी चार इंग्रजी आठासारखा. दुसरं कारण त्याहून मोठं. कॅडमधलं माप हा लिहिलेला मजकूर नसून रेषेवरून मोजलेली किंमत असते. तिथे हाताने आकडा टाईप केला की पुढे भिंत हलवली तरी आकडा जुनाच राहतो. मापासोबत शब्द असेल तर <> ही खूण राखून तिच्या पुढचाच शब्द बदलायचा. त्या खुणेच्या जागी सॉफ्टवेअर स्वतः माप भरतं.

छापील प्रत घेऊन व्हॉल्व्हमनकडे गेलो. ओढ्याजवळच्या खुणेवर मी ‘गाळ-निर्गम झडप’ लिहिलं होतं. त्यांनी ते दोनदा वाचलं, मग वाहिनीच्या सखल भागावर बोट ठेवून विचारलं, “हा आपला वॉशआउट ना?” घरी येऊन यादीतली 2E5 ची ओळ काढली, तिथे ‘वॉशआउट व्हॉल्व्ह’ लिहिलं आणि तो शब्द त्याच जागी परत पाठवला.